बॅटरी अ‍ॅपमध्ये क्षमता निम्मी दिसते: दोन सेलच्या पॅकचा हिशोब आणि खरा बिघाड ओळखण्याची रीत

तक्रार साधारण अशी असते: "फोन ४५०० एमएएचचा म्हणून घेतला. बॅटरी तपासणारं अ‍ॅप २१४० एमएएच दाखवतंय आणि आरोग्य ४८ टक्के म्हणतंय. फोन जेमतेम वर्षाचा आहे." फोन ६५ वॅट किंवा त्याहून जास्त वेगाने चार्ज होणारा असेल, तर बहुतेक वेळा बॅटरी धडधाकट असते. अ‍ॅपने एका हिशोबाने मोजलेला आकडा दुसऱ्या हिशोबाने छापलेल्या आकड्याने भागलेला असतो, एवढंच. मात्र दोन सेलच्या पॅकला एक खास बिघाडही होतो आणि तो या निम्म्या आकड्याच्या गोंधळात सहज लपून जातो. म्हणून आधी आकडा नीट वाचायचा आणि मग बॅटरीवर संशय घ्यायचा.

निम्मा आकडा येतो कुठून

अशा फोनमध्ये एका मोठ्या सेलऐवजी दोन सारखे लहान सेल एकसर जोडणीत बसवलेले असतात. एकसर जोडणीत व्होल्टेजची बेरीज होते, एमएएचची होत नाही, कारण एकाच करंटला दोन्ही सेलमधून जावं लागतं. २२५० एमएएचचे आणि सरासरी ३.८७ व्होल्टचे दोन सेल असे जोडले, की पॅक होतो ७.७४ व्होल्टचा आणि २२५० एमएएचचा. त्यात साठणारी ऊर्जा म्हणजे ७.७४ गुणिले २.२५, म्हणजे १७.४ वॅट-अवर.

आता ४५०० एमएएचचा एकच सेल घ्या. त्याचं व्होल्टेज ३.८७, आणि ३.८७ गुणिले ४.५ पुन्हा १७.४ वॅट-अवरच. ऊर्जा तेवढीच असल्यामुळे कंपन्या खोक्यावर आणि जाहिरातीत ४५०० लिहितात. हा आकडा खोटा नाही. एका सेलच्या फोनशी तुलना करता यावी म्हणून काढलेला तो समतुल्य आकडा आहे. खोक्यावर २२५० छापलं असतं तर प्रत्येक ग्राहकाने फोन परत ठेवला असता. पण फोनच्या आत बसलेला मापक, म्हणजे पॅकमधून गेलेला करंट मोजणारी चिप, जाहिरात वाचत नाही. तिच्यातून जेवढा करंट गेला तेवढाच ती मोजते, आणि पूर्ण रिकाम्यापासून पूर्ण भरेपर्यंत तो २२५० एमएएचच भरतो.

ही पद्धत २०१८ मध्ये ओप्पोच्या सुपरवूक या ५० वॅटच्या जलद चार्जिंगबरोबर फोनमध्ये आली. ओप्पोच्या आर१७ प्रोची जाहीर क्षमता ३७०० एमएएच होती, ती १८५० च्या दोन सेलची बेरीज. वनप्लस ८टी मध्ये २०२० साली ६५ वॅटसाठी २२५० चे दोन सेल आले. त्यानंतर १२० आणि १५० वॅटच्या अनेक फोननी हाच मार्ग धरला.

एवढा खटाटोप कशासाठी

अ‍ॅडाप्टरमधले साधारण ६० वॅट खरोखर बॅटरीपर्यंत पोचवायचे आहेत असं धरू. एकाच सेलचं व्होल्टेज चार्जिंग चालू असताना ४ च्या आसपास असतं, म्हणजे त्यात १५ अँपिअर सोडावे लागतील. दोन सेल एकसर असतील तर व्होल्टेज ८, आणि करंट ७.५ अँपिअर पुरतो. बॅटरीचा कनेक्टर, संरक्षण सर्किट, बोर्डावरची तांब्याची वाट या सगळ्यांचा मिळून रोध २० मिलिओहम असेल, तर १५ अँपिअरला त्यात ४.५ वॅट उष्णता होते आणि ७.५ अँपिअरला फक्त १.१ वॅट. करंट निम्मा झाला की उष्णता पाव होते. बंदिस्त फोनमध्ये हे तीन-साडेतीन वॅट फार मोठे असतात.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: सेल दोन केले म्हणून प्रत्येक सेलवरचा ताण निम्मा होतो. तसं होत नाही. ४५०० एमएएचच्या सेलमध्ये १५ अँपिअर घातले, तर तो क्षमतेच्या ३.३ पट वेगाने भरतो. २२५० च्या सेलमध्ये ७.५ घातले तरी वेग ३.३ पटच. सेलच्या आतल्या रसायनाला विभाजनाने सवलत मिळत नाही. सवलत मिळते ती सेलबाहेरच्या वाटेला. जलद भरणं सेलला सोसावं म्हणून इलेक्ट्रोडचे थर पातळ करावे लागतात आणि करंट वाहणाऱ्या पट्ट्या जास्त किंवा रुंद द्याव्या लागतात. त्यामुळे त्याच जागेत ऊर्जा साठवणारा माल थोडा कमी बसतो. शिवाय दोन पाकिटं म्हणजे कडांचं सील दोनदा, पट्ट्या दोनदा आणि मधली फट वेगळी. २०२२ च्या रिअलमी जीटी निओ ३ मध्ये हे शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं: एकच बाह्य रचना, ८० वॅटच्या आवृत्तीत ५००० एमएएच आणि १५० वॅटच्या आवृत्तीत ४५००. म्हणजे जलद चार्जिंगसाठी क्षमता खरोखर थोडी जाते, पण ती दहाएक टक्क्यांच्या घरात. पन्नास टक्के गेलेले दिसले, की ते गणित असतं.

पहिली तपासणी: आपला पॅक नक्की कसला आहे

वॅट बघून ठरवू नका. २०२१ च्या अखेरीस आलेला शाओमी १२ प्रो १२० वॅटचा आहे, पण त्याची ४६०० एमएएचची बॅटरी एकाच सेलची आहे. "दोन सेल" एवढ्यावरूनही ठरवू नका, कारण सेल समांतरही जोडलेले असू शकतात. २०१७ च्या आयफोन एक्समध्ये इंग्रजी एल आकारात दोन सेल होते, पण पॅकवर ३.८१ व्होल्ट, २७१६ एमएएच आणि १०.३५ वॅट-अवर छापलेलं होतं. व्होल्टेज एकाच सेलचं आहे, म्हणजे जोडणी समांतर. समांतर जोडणीत एमएएचची बेरीज होते, त्यामुळे तिथे निम्म्या आकड्याची भानगड उद्भवतच नाही. तशा फोनमध्ये अ‍ॅपने निम्मी क्षमता दाखवली, तर ती गांभीर्याने घ्या.

निर्णय देणारा आकडा व्होल्टेजचा. पॅकवरच्या लेबलचा फोटो किंवा त्या मॉडेलच्या सुट्या बॅटरीचं लेबल मिळालं, तर सरासरी व्होल्टेज बघा. ३.८ ते ३.९ च्या आसपास असेल तर एक सेल किंवा समांतर सेल, ७.७ च्या आसपास असेल तर एकसर दोन सेल. मग वॅट-अवरला व्होल्टेजने भागा. १७.४ भागिले ७.७४ म्हणजे २२५०, आणि १७.४ भागिले ३.८७ म्हणजे ४५००. लेबलवर एमएएच कुठल्याही पद्धतीने लिहिलेले असोत, वॅट-अवर बदलत नाहीत. एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर तो वॅट-अवरचा ठेवा.

लेबलवर दोन क्षमता दिसल्या तर त्यातली लहान ती किमान हमीची आणि मोठी ती सरासरी. त्यांच्यातला फरक काही टक्क्यांचाच असतो. त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही.

दुसरी तपासणी: फोन काय सांगतोय

फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, संगणकाला जोडा आणि संगणकावर अँड्रॉइडच्या adb साधनातून हे चालवा:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरातल्या या ओळी कामाच्या:

```
  Charge counter: 1327000
  level: 62
  voltage: 3952
```

वरच्या तक्रारीतल्यासारख्या फोनचं हे उदाहरण आहे. `Charge counter` मायक्रो-अँपिअर-अवरमध्ये असतो, म्हणून हजाराने भागा: १३२७ एमएएच. चार्ज ६२ टक्के आहे, तेव्हा १३२७ भागिले ०.६२ म्हणजे पूर्ण क्षमता २१४० एमएएच. `voltage` मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे ३.९५ व्होल्ट. एकसर पॅकवर प्रत्यक्षात त्या वेळी ७.९ व्होल्ट असणार, पण फोनने एका सेलचं व्होल्टेज कळवलं आहे. बरेच फोन असंच करतात, कारण बाकीच्या प्रणालीला ३.४ ते ४.५ व्होल्टच्या पट्ट्यातले आकडे अपेक्षित असतात.

आता आरोग्य काढा. मोजलेली क्षमता २१४०, आणि त्याच मापातली मूळ क्षमता २२५०. उत्तर ९५ टक्के. समतुल्य भाषेत सांगायचं तर ४५०० पैकी ४२८०. एका वर्षाच्या फोनला हे अगदी ठीक आहे. अ‍ॅपने २१४० ला ४५०० ने भागलं आणि ४८ टक्के सांगितलं, कारण मूळ क्षमता त्याने फोनच्या पॉवर प्रोफाइलमधून उचलली. त्या फाइलमध्ये कंपनीने जाहिरातीतला आकडा लिहून ठेवलेला असतो. तो कोणी मोजलेला नसतो. तो कुठला आहे ते असं दिसतं:

```
adb shell "dumpsys batterystats | grep -i capacity"
```

`Estimated battery capacity` ही ओळ त्या लिहून ठेवलेल्या आकड्यावर आधारलेली असते. काही फोनमध्ये खाली `learned battery capacity` अशाही ओळी येतात. त्या मापकाच्या आकड्यांवरून फोनने शिकलेल्या असतात. पहिली ४५०० आणि दुसरी २१०० ते २२५० च्या दरम्यान दिसली, की गोंधळ कुठे आहे ते एका नजरेत कळतं.

प्रत्येक फोन सारखं सांगत नाही

काही कंपन्या ड्रायव्हरमध्येच आकडा दुप्पट करून देतात, काही देत नाहीत, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक सापडतो. म्हणून "दोन सेल आहेत ना, मग दोनाने गुणा" हा सल्ला डोळे झाकून पाळू नका. आधीच दुप्पट केलेल्या आकड्याला पुन्हा गुणलं, की आरोग्य १९० टक्के निघतं. आणि तसे आकडे दाखवत बॅटरी कशी जबरदस्त आहे हे सांगणारे लोकही भेटतात.

`Charge counter` भागिले टक्के हे उत्तर २२५० च्या जवळ आलं तर काउंटर पॅकचा खरा करंट मोजतोय. ४५०० च्या जवळ आलं तर ड्रायव्हरने दुप्पट केलंय. व्होल्टेज ३ ते ४.५ च्या पट्ट्यात असेल तर ते एका सेलचं, आणि ६ ते ९ च्या पट्ट्यात असेल तर पूर्ण पॅकचं. चार्ज निम्मा आणि व्होल्टेज पॅकचं, किंवा चार्ज दुप्पट केलेला आणि व्होल्टेज एका सेलचं, या दोन्ही जोड्यांमध्ये गुणाकार बरोबर ऊर्जा देतो. वरच्या उदाहरणात चार्ज निम्मा आणि व्होल्टेजही एकाच सेलचं आहे. तिथे गुणाकार निम्मी ऊर्जा देतो आणि दोनाने गुणणं योग्य ठरतं.

चार्जिंगच्या वॅटबद्दलची तक्रार याच जोडीतून जन्मते. ६५ वॅटचा अ‍ॅडाप्टर लावलाय, अ‍ॅप करंट ५८०० मिलिअँपिअर आणि व्होल्टेज ४.१ दाखवतं, गुणाकार करून २४ वॅट सांगतं आणि वापरकर्ता नवा अ‍ॅडाप्टर शोधायला लागतो. पॅकवर खरं व्होल्टेज ८.२ असतं, म्हणजे बॅटरीत जवळपास ४८ वॅट जात असतात. उरलेल्यातला काही भाग फोन स्वतः वापरतो, काही उष्णतेत जातो, आणि ६५ वॅटचा शिखर-आकडा तसाही चार्जिंगच्या सुरुवातीला थोडा वेळच टिकतो. अ‍ॅप करंट ५८०० ऐवजी नुसता ६ किंवा शून्य दाखवत असेल, तर कारण आणखी साधं आहे: फोन करंट मिलिअँपिअरमध्ये कळवतोय आणि अ‍ॅप तो मायक्रो-अँपिअर समजून हजाराने भागतंय. त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये एकक बदलता येतं का ते बघा.

करंट आणि काउंटर एकाच मापात आहेत की नाहीत, हेही एकदा पारखून घ्या. चार्जर काढा, स्क्रीन एकाच उजेडावर चालू ठेवा आणि अर्धा तास काहीतरी स्थिर चालू द्या. अ‍ॅपमधला करंट सरासरी ३०० मिलिअँपिअर असेल, तर काउंटर १५० एमएएचने उतरला पाहिजे. ३०० ने उतरला, तर काउंटर दुप्पट केलेला आहे आणि करंट तसाच ठेवलाय. याच चाचणीत आणखी एक गोष्ट उघड होते. काउंटर सतत थोडा थोडा सरकतो, की टक्का बदलेपर्यंत गोठून राहतो आणि मग एकदम २२ किंवा ४५ ने उडी मारतो? उडी मारत असेल, तर तो मोजलेला आकडाच नाही. टक्क्यांना ठरावीक क्षमतेने गुणून तयार केलेला आहे. अशा फोनवर कुठलंही अ‍ॅप आरोग्य काढू शकत नाही. ते कायम नव्यासारखं किंवा कायम निम्मं दाखवत राहील, बॅटरी मरायला टेकली तरी.

अ‍ॅप दुरुस्त करणं

हे सगळं कळल्यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. अ‍ॅपमध्ये दोन सेलच्या बॅटरीचा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर मूळ क्षमतेच्या जागी ४५०० काढून २२५० लिहा. टक्केवारी बरोबर येईल आणि एमएएच निम्म्या मापात राहतील. दोन्ही एकदम मात्र करू नका. आधीच्या नोंदी पुसून टाका, नाहीतर जुने चुकीचे आकडे सरासरीत मिसळत राहतात. फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये कमाल क्षमता टक्क्यांत दिसत असेल, तर तिच्यावर अ‍ॅपपेक्षा जास्त भरवसा ठेवा. ती पॅकच्याच मापात काढलेली असल्याने दुप्पट-निम्म्याच्या भानगडीत सापडत नाही.

वापराचे आकडेही आता वेगळे वाचायला हवेत. एका सेलच्या फोनमध्ये व्हिडिओ बघताना ४०० मिलिअँपिअर जात असतील आणि या फोनमध्ये २०० दिसत असतील, तर हा फोन काटकसरी आहे असा निष्कर्ष निघत नाही. दोन फोनची तुलना वॅटमध्येच करायची.

यूएसबी मीटरने बाहेरून पडताळा

फोनचे आकडे पटत नसतील, तर यूएसबी मीटर हा उत्तम साक्षीदार आहे, पण त्याच्यावरचे एमएएच वाचू नका. ते ५ व्होल्टवरचे एमएएच असतात आणि बॅटरीच्या कुठल्याच आकड्याशी जुळत नाहीत. वॅट-अवर वाचा.

कंपनीचा जलद अ‍ॅडाप्टर आणि मीटर एकत्र लावू नका. अनेक खासगी जलद पद्धतींमध्ये फोन आणि अ‍ॅडाप्टर खास केबलमधून एकमेकांशी बोलतात. मध्ये साधा मीटर आला की बोलणं तुटतं आणि चार्जिंग हळू होतं. "मीटर लावल्यावर जलद चार्जिंग बंद पडलं" ही तक्रार वेगळीच सुरू होते, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. साधा ५ व्होल्टचा चार्जर घ्या, फोन आपोआप बंद पडेपर्यंत उतरवा, बंद अवस्थेतच पूर्ण भरा आणि मीटरवरचा आकडा टिपा.

आपल्या उदाहरणात पॅकमध्ये २१४० एमएएच गुणिले ७.७४ म्हणजे १६.६ वॅट-अवर मावायला हवेत. मीटर साधारण २० दाखवेल. जादाचे साडेतीन वाटेत उष्णतेत गेलेले असतात. एकसर पॅकमध्ये ५ व्होल्ट आधी ८ च्या वर चढवावे लागतात, त्यामुळे हे नुकसान एका सेलच्या फोनपेक्षा किंचित जास्तच निघतं. नेमकी कार्यक्षमता माहीत नसली तरी एक गोष्ट पक्की आहे: मीटरने दाखवलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा बॅटरीत साठूच शकत नाही. मीटर १४ वर थांबला आणि अ‍ॅप ९५ टक्के आरोग्य सांगत असेल, तर अ‍ॅप चूक आहे आणि बॅटरी खरोखर दमली आहे.

खरा बिघाड: एक सेल मागे पडतो

आता ज्या बिघाडाचा उल्लेख सुरुवातीला केला त्याकडे. एकसर जोडणीत दोन्ही सेलमधून तोच करंट जातो. त्यामुळे कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि तो किमान व्होल्टेजला पोचला की संरक्षण सर्किट पूर्ण पॅक बंद करतं, दुसऱ्यात कितीही चार्ज उरलेला असो. समजा पहिल्या सेलची क्षमता २१५० उरली आहे आणि दुसऱ्याची १८५०. पॅकची क्षमता १८५० होते, समतुल्य भाषेत ३७००. हेच सेल समांतर असते तर ४००० मिळाले असते. सेल नुसते लहान-मोठे नसून मागे-पुढेही असतील, म्हणजे पहिला पूर्ण भरला तेव्हा दुसरा १०० एमएएच रिकामा असेल, तर दुसरा १७५० वरूनच सुरुवात करतो आणि पॅक १७५० चा होतो. चार्जिंगच्या बाजूलाही तसंच: कुठलाही एक सेल वरच्या मर्यादेला पोचला की करंट उतरवावा लागतो. पॅकमधलं संतुलन सर्किट हा मागे-पुढेपणा हळूहळू भरून काढू शकतं. गेलेली क्षमता ते परत आणू शकत नाही.

लक्षणं ओळखीची आहेत. फोन १५-२० टक्क्यांवर अचानक बंद पडतो, विशेषतः कॅमेरा उघडल्यावर किंवा थंडीत. चार्जिंगचा वेग पूर्वीपेक्षा खूप आधी ओसरतो. टक्केवारी वरून खाली सरळ न येता एका ठिकाणी कोसळते. मात्र यातली काही लक्षणं मापकाचा अंदाज भरकटल्यानेही दिसतात, म्हणून आधी एकदा पूर्ण फेरी करा: १०० टक्क्यांनंतरही अर्धा-पाऊण तास चार्जरवर ठेवा, मग हलक्या, स्थिर वापरात बंद पडेपर्यंत उतरवा, आणि शेवटच्या टप्प्यात दर काही मिनिटांनी `dumpsys battery` मधलं व्होल्टेज टिपत राहा. मापक भरकटला असेल तर पुढच्या फेरीत टक्के ताळ्यावर येतात.

निरोगी पॅकचं कळवलेलं व्होल्टेज बंद पडण्याआधी ३.४ च्या आसपास किंवा खाली उतरलेलं असतं. हलक्या वापरातही फोन ३.६-३.७ वर विझत असेल, तर तो आकडा बहुधा दोन सेलची सरासरी आहे किंवा चांगल्या सेलचा आहे, आणि दुसरा सेल त्याच्या खूप आधी तळाला गेलेला आहे. दुरुस्ती करणाऱ्याकडे पॅक उघडा असेल तर मधल्या जोडबिंदूवरून प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं मोजता येतं. फोन काही वेळ शांत ठेवल्यावर मोजायचं. दोघांत थोडे मिलिव्होल्ट फरक असणं साहजिक आहे. चार्ज कमी असताना तो शंभराच्या वर गेला, की जोडी फुटली असं समजा. पॅक स्वतः उघडू नका आणि एकच सेल बदलण्याच्या प्रस्तावाला हो म्हणू नका. नवा सेल जुन्याशी जोडला, की वरचं असंतुलन पहिल्या दिवसापासून सुरू होतं. पॅकच्या दोन भागांपैकी एक फुगलेला दिसला, तर चाचण्या थांबवा, चार्जिंग बंद करा आणि पॅक बदला.

नवा पॅक घेताना

इथे लेबलचा गुणाकार पुन्हा कामी येतो. सुट्या पॅकवर ७.७४ व्होल्ट, ४५०० एमएएच आणि १७.४ वॅट-अवर छापलेलं असेल, तर ४५०० हा समतुल्य आकडा आहे आणि ऊर्जा बरोबर आहे. असं लेबल चालतं. ७.७४ व्होल्ट, ४५०० एमएएच आणि ३४.८ वॅट-अवर छापलेलं असेल, तर कोणीतरी कॅल्क्युलेटर वापरून लेबल बनवलंय. तेवढ्याच आकारात दुप्पट ऊर्जा बसत नाही. वॅट-अवर छापलेलेच नसतील, तर तो पॅक घेऊ नका.

बसवल्यावर अ‍ॅपमधल्या जुन्या नोंदी पुसा, एक पूर्ण फेरी होऊ द्या आणि मग `Charge counter` भागिले टक्के पुन्हा काढा. जुन्या पॅकला निम्मा आकडा येत असेल तर नव्यालाही निम्माच यायला हवा, २२०० ते २२५० च्या आसपास. ड्रायव्हर तोच आहे, त्यामुळे माप बदलण्याचं कारण नाही. पहिल्याच आठवड्यात १९०० येत असतील तर पॅक परत करा.